पोत्यातला चतकोर

बोरॉन मोजायला प्रयोगशाळेत घेतली जाते साधारण एक ग्रॅम पूड. ती येते पंचवीस किलोच्या पोत्यातून. म्हणजे पोत्याचे पंचवीस हजार भाग केले, तर त्यातला एक भाग यंत्रापर्यंत पोहोचतो आणि उरलेले चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव भाग न तपासताच पास किंवा नापास होतात. यंत्र कितीही महागडं असलं तरी त्याला समोरच्या एका ग्रॅमपलीकडचं काही दिसत नाही. तो एक ग्रॅम सगळ्या पोत्याच्या वतीने बोलतो की नाही, याचा निकाल आधीच लागलेला असतो. तो लागतो गोदामाच्या फरशीवर, ताडपत्री आणि फावड्याच्या कामात.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं आहे. पण भाताच्या पातेल्यात सगळी शितं एका जातीची, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेली असतात. पोत्यातली पूड तशी नसते. ती अनेकदा चार-पाच पदार्थांची मिसळण असते. त्यातला एक पदार्थ मैद्यासारखा बारीक, तर दुसरा साखरेसारखा रवाळ असतो. अशा पुडीतून काढलेलं एक शीत सगळ्या पातेल्याबद्दल काही सांगू शकत नाही.

म्हणून एक प्रत्यक्षातलं पोतं समोर ठेवू. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण ओळखीचं आहे. जमिनीतून देण्याच्या राज्य ग्रेड क्रमांक एकमध्ये जस्त पाच टक्के, लोह दोन, मँगनीज एक, तांबं अर्धा टक्का आणि बोरॉन एक टक्का असावं लागतं. यातलं बोरॉन बोरॅक्समधून येतं. बोरॅक्समध्ये बोरॉन साधारण अकरा टक्के, म्हणून मिश्रणात बोरॅक्स नऊ टक्क्यांच्या आसपास घालावं लागतं. आपल्या पोत्यातलं बोरॅक्स रवाळ आहे, त्याची कणी एक मिलिमीटरची आहे आणि बाकीची पूड त्याहून बरीच बारीक आहे, असं धरू. पीक आणि बोरॉन यांचं नातं नाजूक असतं. थोडं कमी पडलं तर फळधारणा बिघडते आणि थोडं जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. त्यामुळे एक टक्का म्हणजे एक टक्काच आहे ना, हे बघणं गरजेचं असतं.

हे पोतं कारखान्यातून ट्रकने निघालं आणि दोन-तीनशे किलोमीटर खडखडत आलं. त्यात काय झालं असेल ते दिवाळीच्या चिवड्याच्या डब्याला विचारावं. डबा भरताना मीठ, पिठीसाखर, मसाला सगळीकडे सारखा लागलेला असतो. आठवड्याभरात तो डबा दहा वेळा हलतो आणि शेवटच्या मुठीत नुसता खारट-तिखट चुरा येतो. हलताना मोठ्या तुकड्यांच्या मध्ये फटी पडतात आणि त्या फटींतून बारीक चुरा खाली सरकतो. चुरा खाली गेला की मोठे तुकडे आपोआप वर येतात. पोत्यातही हेच होतं. बारीक पूड तळाला जाते आणि बोरॅक्सची कणी वर राहते. आता कुणी पोत्याचं तोंड उघडून वरची मूठभर पूड पिशवीत भरली, तर प्रयोगशाळा बोरॉन जास्त दाखवेल. तीच मूठ तळातून भरली तर बोरॉन कमी येईल. दोन्ही वेळा यंत्र खरं बोललेलं असेल आणि पोत्याबद्दलची माहिती दोन्ही वेळा चुकीची असेल.

यावरचा जुना उपाय म्हणजे सगळं पोतं ओतून त्याची रास करायची, रास चपटी करायची, तिचे चार सारखे भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. हवं तेवढं वजन उरेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या कथिल आणि तांब्याच्या खाणींशी या पद्धतीचं नाव जोडलं जातं. आपल्याकडे माती परीक्षणासाठी नमुना देणाऱ्या शेतकऱ्याला ती माहीत असते. शेतातल्या आठ-दहा खड्ड्यांची माती एकत्र करून, तिचे चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन काढून टाकत अर्धा किलो उरवायची, हे कृषी सहायक सांगत आलेले आहेत. मराठीत या चौथ्या हिश्श्याला शब्द आधीपासूनच आहे. भाकरीचा चौथा भाग म्हणजे चतकोर.

आणि या पद्धतीचं मर्म त्या चतकोरातच आहे. बहुतेकांचा समज असा असतो की रास करताना पूड नीट मिसळली जाते, म्हणून नमुना चांगला येतो. मला हा समज घातक वाटतो, कारण तो धरून काम करणारा माणूस नेमकी महत्त्वाची काळजी सोडून देतो. रास केल्याने पूड मिसळत नाही, उलट वेगळी होते. वरून धार सोडली की पूड शिखरावर पडते आणि उतारावरून घसरते. बारीक कण जिथे पडतात तिथेच, शिखराजवळ आणि आसाच्या पोटात, अडकून राहतात. जाड कणी गडगडत पायथ्यापर्यंत जाते. म्हणजे राशीच्या गाभ्यात बारीक आणि कडेला जाड अशी रचना होते.

घरी पाहायचं असेल तर वाटीभर रवा आणि पाव वाटी मोहरी परातीत चांगली कालवा. कागदाचा कोन करून त्याच्या टोकातून हे मिश्रण वर्तमानपत्रावर एकाच जागी ओता. पायथ्याशी मोहरीचं काळं कडं दिसेल आणि शिखरावर जवळपास नुसता रवा. आता शिखरावरून एक चिमूट घ्या, पायथ्याची एक चिमूट घ्या. एकीत मोहरी जेमतेम असेल आणि दुसरीत भरपूर.

मग चौथाईचा फायदा काय? भाकरी पाहा. तिचा काठ जाड असतो आणि मधला भाग पातळ. पण मध्यापासून काठापर्यंत सुरी चालवून चार भाग केले, तर प्रत्येक चतकोरात मधल्या भागाचा आणि काठाचा सारखाच वाटा येतो. भाकरी कुठेच एकसारखी नाही, पण चतकोर मात्र चारही सारखे आहेत. राशीचंही तसंच. कणी पायथ्याशी गेली तरी चालेल, फक्त ती पायथ्याच्या चारही बाजूंना सारखी जायला हवी. पुडीतला दोष नाहीसा करणं फावड्याला शक्य नाही. तो दोष आसाभोवती सारखा वाटून देणं शक्य आहे आणि एवढंच या पद्धतीला साधायचं असतं.

हे लक्षात आलं की प्रत्येक पायरीचं कारण आपोआप कळतं.

पंचवीस किलो पुडीची रास फार मोठी होत नाही. दीड हात रुंद आणि वीतभर उंच, एवढीच. दोन मीटर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा कागद त्यासाठी पुरतो, कारण एक रास मोडून तिच्याशेजारी दुसरी करायची असते. जागा सपाट हवी आणि भिंतीपासून दूर हवी, म्हणजे राशीभोवती फिरता येईल. पंखा बंद करायचा, दारं-खिडक्या लोटून घ्यायच्या. झुळूक आली तर आधी जाते ती बारीक पूड, आणि मग उरलेल्या राशीत बोरॅक्सचं प्रमाण आपोआप वाढतं. नाका-तोंडावर मास्क बांधायचा. पोतं उलटं करून झटकायचं. आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटलेली पूडही कुंच्याने काढून राशीत मिळवायची. तीही पोत्याचाच भाग आहे आणि ती हमखास बारीक असते.

पावसाळ्यात अशा मिश्रणात गाठी होतात. गाठ म्हणजे मुठीएवढा एकच मोठा कण, असंच फावड्याच्या दृष्टीने समजायचं. ती ज्या चतकोरात जाईल तिकडे सगळं पारडं झुकेल. म्हणून आधी लाकडी थापीने गाठी फोडायच्या, जाड चाळणीतून सगळं काढायचं आणि वर राहिलेलं पुन्हा फोडून चाळायचं. चाळणीवर राहिलेलं काहीही टाकून द्यायचं नाही. पूड इतकी ओली असेल की ओतल्यावर घसरतच नाही, तर तिची रास करण्यात अर्थ नाही. जी पूड घसरत नाही, ती चारही बाजूंना सारखी पसरणारही नाही.

आता रास करायची. अर्धा किलो मावेल एवढं लहान फावडं घ्यायचं. मोठ्या फावड्याने काम लवकर उरकतं, पण पन्नास वेळा टाकलेल्या पुडीत जी सरासरी साधते ती आठ-दहा वेळा टाकून साधत नाही. पहिल्या ढिगाच्या पायथ्यापासून फावडं भरायचं, नव्या राशीच्या बरोबर शिखरावर न्यायचं आणि सरळ खाली सोडायचं. पुढचं फावडं एक पाऊल सरकून भरायचं. असं ढिगाभोवती फिरत जायचं.

घाई होते ती इथेच. माणूस एका जागी उभा राहतो आणि तिथूनच फावडं मारत राहतो. फावड्याच्या वेगाबरोबर जाड कणी पुढे, पलीकडच्या उतारावर जाते. रास दिसायला छान गोल असते, पण तिची एक बाजू कणीने भरलेली असते. चारातल्या एका चतकोरात बोरॅक्स गोळा झालेलं असतं आणि डोळ्यांना ते कळत नाही. मोहरी-रव्याच्या खेळात हेही दिसतं. कोन उभा न धरता तिरका धरून एकाच बाजूने ओता, काळं कडं एकीकडे जाड होतं.

शेवटी कागदावर उरलेली धूळ कुंच्याने गोळा करून तीही शिखरावरच सोडायची. मग ही रास मोडून तशीच दुसरी करायची आणि पुन्हा तिसरी. तीन वेळा रास करायची रीत यासाठी, की एका राशीत आस जरा कलला असेल तर पुढच्या राशीत ती चूक दुसरीकडे विखुरली जावी.

तिसऱ्या राशीच्या शिखरावर सपाट फळी ठेवून हलके दाबायचं आणि फळी थोडी थोडी फिरवत रास चपटी करायची. पूड मध्यापासून सगळीकडे सारखी सरकली पाहिजे. फावड्याच्या पाठीने एका बाजूला ओढत नेली तर एवढा वेळ सांभाळलेला आस आपणच मोडतो. पाच सेंटीमीटर जाड आणि हातभर-दोन हातांच्या मध्ये रुंद, म्हणजे साधारण ऐंशी सेंटीमीटर व्यासाची चकती झाली की थांबायचं. दोन फळ्या एकमेकींत अडकवून केलेली फुली तिच्यावर ठेवायची आणि कागदाला टेकेपर्यंत दाबायची. फुलीचा मध्य जुन्या शिखराच्या जागी यायला हवा, म्हणून चपटी करण्यापूर्वी कागदाच्या कडांवर चार खुणा करून ठेवलेल्या बऱ्या.

समोरासमोरचेच दोन चतकोर का घ्यायचे, याचंही उत्तर आसात आहे. समजा रास उत्तरेकडे कलली आणि उत्तरेच्या चतकोरात कणी जास्त गेली. मग दक्षिणेच्या चतकोरात ती कमी गेली असणार. उत्तर-दक्षिण एकत्र घेतले की जास्त आणि कमी एकमेकांना बरंचसं भरून काढतात. शेजारशेजारचे दोन घेतले तर ही भरपाई होत नाही. कोणती जोडी ठेवायची हे डोळ्याने ठरवू नये, नाणं उडवावं. आपला हात नकळत नीटस दिसणाऱ्या भागाकडे जातो. टाकायचे दोन चतकोर उचलल्यावर त्यांच्या जागेवरची धूळही त्यांच्याबरोबरच झाडून न्यायची. ती तिथेच राहिली आणि पुढच्या राशीत मिसळली, तर टाकलेल्या भागाची बारीक पूड ठेवलेल्या भागात येते आणि प्रत्येक फेरीत बोरॉन थोडं थोडं कमी होत जातं.

पंचवीस किलोचे झाले साडेबारा, मग सव्वासहा, मग तीन किलोंच्या वर, मग दीड, मग पाऊण किलो आणि सहाव्या फेरीला साधारण तीनशे नव्वद ग्रॅम. एका फेरीत उत्तर-दक्षिण जोडी ठेवली असेल तर पुढच्या फेरीत पूर्व-पश्चिम ठेवावी. सगळ्याला दोन माणसांचे दोन तास सहज लागतात. खत निरीक्षकाचा नमुना तीन भागांत वाटला जातो. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला आणि एक जपून ठेवण्यासाठी. उद्या वाद झाला तर हे तीन भाग एकमेकांशी जुळायला हवेत. म्हणजे चतकोराचा हिशेब तिथेही लागतो.

मग तीनशे नव्वद ग्रॅमवरच का थांबायचं? अजून आठ-नऊ फेऱ्या केल्या तर थेट एक ग्रॅमवर येता येईल. येता येईल, पण तो ग्रॅम कुचकामी असेल, आणि ते नुसत्या मोजणीने दाखवता येतं.

बोरॅक्सच्या एक मिलिमीटर कणीचं वजन साधारण ०.९ मिलिग्रॅम भरतं. एक ग्रॅम मिश्रणात बोरॅक्स नव्वद मिलिग्रॅम असायला हवं. म्हणजे त्या ग्रॅममध्ये बोरॅक्सच्या कण्या जेमतेम शंभर. आता काम कितीही चोख केलं, तरी प्रत्येक ग्रॅममध्ये बरोबर शंभरच कण्या येतील असं होत नाही. कधी ब्याण्णव येतील, कधी एकशे सात. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की सरासरी शंभर असताना चढउतार शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहाचा असतो. शंभरात दहा म्हणजे दहा टक्के. एक टक्का बोरॉन असलेल्या अगदी निर्दोष पोत्यातून काढलेला असा ग्रॅम कधी ०.९ दाखवेल, कधी १.१, आणि अधूनमधून ०.८ सुद्धा. त्या ०.८ साठी कारखानदाराला नोटीस जाईल आणि दोष फक्त शंभर कण्यांचा असेल.

तीनशे नव्वद ग्रॅममध्ये मात्र अशा एकोणचाळीस हजार कण्या असतात. त्यांचं वर्गमूळ दोनशेच्या आत. एकोणचाळीस हजारांत दोनशे म्हणजे अर्धा टक्का. म्हणून एवढ्या वजनापर्यंत पूड आहे तशी विभागायला हरकत नाही. याच्या खाली जायचं तर आधी दळायला हवं.

दळल्याने काय होतं ते फार लोकांच्या लक्षात येत नाही. कणी एक मिलिमीटरची होती ती दळून एक दशांश मिलिमीटरची केली, तर एका कणीचे दहा तुकडे होत नाहीत. लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दहा-दहा, म्हणजे एक हजार तुकडे होतात. आता एका ग्रॅममध्ये शंभर कण्यांच्या जागी एक लाख बारीक कण आले. त्यांचं वर्गमूळ साधारण तीनशे सोळा. चढउतार दहा टक्क्यांवरून एक तृतीयांश टक्क्यावर उतरला. वजन वाढवून एवढा फायदा हवा असता तर एका ग्रॅमऐवजी एक किलो पूड विरघळवावी लागली असती.

हे गणित पक्क्या पायावर उभं केलं ते पिएर जी (१९२४–२०१५) या फ्रेंच तज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ते आफ्रिकेतल्या काँगोत एका शिशाच्या खाणीवर काम करत होते आणि खनिजाचा नमुना किती घ्यायचा हा प्रश्न त्यांना तिथे भेटला. पुढची अनेक दशकं त्यांनी त्याच एका प्रश्नाला दिली. त्यांचा आग्रह असा होता की ढिगातल्या प्रत्येक कणाला निवडून येण्याची सारखी संधी मिळाली, तरच त्याला नमुना म्हणावं. पोत्याच्या वरची मूठ या कसोटीला उतरत नाही, कारण तळातल्या कणाला तिच्यात येण्याची संधीच नसते.

आपल्या पोत्याचे तीनशे नव्वद ग्रॅम सगळेच्या सगळे दळायचे. त्यातली वरची वाटीभर घेऊन दळणं म्हणजे सहा फेऱ्यांची मेहनत मातीत घालणं. दळताना यंत्र तापू द्यायचं नाही, कारण बोरॅक्सच्या स्फटिकात पाणी असतं. ते उडालं की वजन घटतं आणि टक्केवारी फुगते. याच कारणाने नमुना ओव्हनमध्ये वाळवायचा मोहही टाळायचा. दळून झाल्यावर पूड गुळगुळीत कागदावर पातळ पसरून तिच्या पंधरा-वीस जागांहून चमच्याच्या टोकाने थोडी थोडी उचलत एक ग्रॅम पुरा करायचा. उचलताना चमच्याचं टोक कागदाला टेकलं पाहिजे, म्हणजे वरचा थर आणि खालचा थर दोन्ही येतील.

ही पद्धत मला प्रिय आहे, पण तिची मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. १९७० साली ॲलन आणि खान या दोघांनी जाड आणि बारीक वाळूचं साठास चाळीस मिश्रण वेगवेगळ्या पद्धतींनी विभागून पाहिलं. रास-चौथाईने काढलेल्या नमुन्या-नमुन्यांत प्रमाण विचलन ६.८ टक्के आलं. नुसत्या चमच्याने घेतलेल्या नमुन्यांतही ते ५.१ होतं. एक आड एक पन्हळींतून पूड दोन बाजूंना सोडणाऱ्या रिफल पेटीने ते १ टक्क्यावर आलं आणि फिरत्या रिफलरने ०.१३ वर. वाळू सहज घसरणारी, आणि रास-चौथाईत सगळा भार माणसाच्या हातावर. त्यात आणखी एक गोष्ट असते. प्रत्येक फेरीची चूक पुढच्या फेरीत साठत जाते. एका फेरीत दोन टक्के चूक होत असेल तर सहा फेऱ्यांत ती सहाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळपास पाच टक्के होते.

म्हणून माझं मत असं आहे की पोतं फोडल्यावर पहिल्या तीन-चार फेऱ्या फावड्याने कराव्यात. पंचवीस किलो एका झटक्यात घेईल असं यंत्र गोदामात सहसा नसतं आणि तिथे फावड्याला पर्याय नाही. दीड-दोन किलोंवर आलं की नमुना प्रयोगशाळेत न्यावा आणि पुढची विभागणी रिफल पेटीने करावी. पेटी महाग नसते. पत्र्याची असते, हाताने चालते. ग्रॅमच्या मापात कागदावर इवलीशी रास करून चौथाई करणारे मी पाहिले आहेत. तिथे मात्र ती करू नये. एवढ्याशा राशीत शिखर बोटभरही चुकलं तर सगळं चुकतं.

चौथाई नीट झाली की नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहायलाच हवी असं नाही. शेवटच्या फेरीत टाकलेला अर्धा भाग लगेच फेकू नये. ठेवलेला आणि टाकलेला, दोन्ही भाग तोलावेत. वजनं जवळजवळ सारखी यायला हवीत. मग एक मिलिमीटरच्या जरा खालची चाळण घेऊन दोन्ही भाग न दळता वेगवेगळे चाळावेत आणि वर राहिलेली कणी तोलावी. तीनशे नव्वद ग्रॅमच्या भागात बोरॅक्स पस्तीस ग्रॅमच्या आसपास आहे. एकीकडे चौतीस आणि दुसरीकडे पस्तीस भरली तर हात सारखा पडला आहे. एकीकडे अठ्ठावीस आणि दुसरीकडे बेचाळीस भरली तर आस कलला होता. मग दोन्ही भाग पुन्हा एकत्र करून ती फेरी नव्याने करायची. तोललेली कणी अर्थातच ज्या भागातून आली त्यातच परत मिसळायची.

ही तपासणी फक्त शेवटच्या फेरीची झाली. सगळ्या साखळीची परीक्षा करायची असेल तर पहिल्या फेरीत टाकलेले साडेबारा किलो बाजूला ठेवायचे आणि त्यांचीही तशीच चौथाई करत दुसरा तीनशे नव्वद ग्रॅमचा नमुना काढायचा. मग दोन्ही नमुने दळून त्यांत बोरॉन मोजायचं. प्रयोगशाळेत एकाच दळलेल्या पुडीची मोजणी दोनदा केली तर फरक ०.०२ चा येतो, असं समजा. आपल्या दोन नमुन्यांत १.०१ आणि ०.९८ आलं, तर विभागणीने फारशी भर घातलेली नाही. १.१२ आणि ०.८७ आलं, तर सरासरी एकच्या जवळ दिसते म्हणून समाधान मानू नये. त्या दोन आकड्यांतलं अंतर यंत्राचं नसून फावड्याचं आहे. दर पोत्याला एवढी मेहनत परवडत नाही. पण नवा माणूस कामाला लागला, मिश्रणाची जात बदलली किंवा बोरॅक्स नव्या ठिकाणाहून आणलं, तर एकदा तरी ही जोड-परीक्षा करायलाच हवी.

प्रयोगशाळेच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. हा निष्कर्ष तपासणीसाठी आलेल्या नमुन्यापुरताच आहे, अशा अर्थाची. पोतं विकणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि तपासायला पाठवणाऱ्यानेही ती ओळ वाचावी आणि नमुन्याच्या पाकिटात एक चिठ्ठी जरूर घालावी. पोतं किती किलोचं होतं, ते पूर्ण ओतलं का, गाठी फोडल्या का, किती फेऱ्या केल्या, कोणत्या जोड्या ठेवल्या, शेवटी किती ग्रॅम उरले आणि टाकलेल्या अर्ध्याची चाळणी जुळली का, एवढं त्या चिठ्ठीत असावं.